बोर्डाचा फोटो, सरांचं अक्षर आणि चोपण जमीन: वर्गमैत्रिणीसाठी मराठी टिपण कसं करावं

कृषी पदवीच्या वर्गात शिकवणं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, आणि परभणी-हिंगोलीकडची बरीच पोरं बारावीपर्यंत मराठीत शिकलेली. त्यात पेरणीच्या दिवसांत कोणी ना कोणी गावाकडे असतंच. मग ग्रुपवर बोर्डाचा फोटो पडतो आणि खाली मेसेज येतो: ‘फोटो आला, पण काहीच कळंना गेलंय. मराठीत लिहून दे ना.’

हे काम पहिल्यांदा अंगावर घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एकच बोर्ड घेऊन शेवटपर्यंत जाऊ. तास मृदाशास्त्राचा, विषय क्षारपड जमिनी. जायकवाडीच्या कालव्याखालच्या गावातल्या पोरांना ही जमीन डोळ्यांनी माहीत असते. अडतं ते बोर्डावर तिचं जे रूप होतं तिथं.

फोटो आधी नीट मिळवा

मेसेजिंग ॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबून लहान केली जाते. मोठी अक्षरं शाबूत राहतात, पण दशांशचिन्ह, घाताचा उणे आणि ‘पेक्षा कमी’ची टोकं पुसट होतात, आणि आपल्याला नेमकी तीच लागतात. म्हणून ज्यानं फोटो काढला त्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. दोघातिघांनी वेगवेगळ्या बाकांवरून फोटो काढले असतील तर सगळे मागवा. ट्यूबलाइटची चकाकी प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडते, त्यामुळे एकात झाकलेला आकडा दुसऱ्यात उघडा सापडतो.

फोनच्याच एडिटरमध्ये रंग काढून फोटो काळा-पांढरा करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. वाळत आलेल्या हिरव्या मार्करचं लिखाण बऱ्याचदा यानं वर येतं. मात्र मूळ रंगीत फोटोही जवळ ठेवा. आधीच्या तासाचं नीट न पुसलेलं लिखाण काळ्या-पांढऱ्यात आजच्या लिखाणात मिसळून जातं, आणि कोणती रेघ कोणत्या तासाची हे रंगावरूनच ओळखता येतं. फोटोत हजेरीपट किंवा कोणाचा नंबर आला असेल तर तेवढा भाग कापून टाका.

भाषांतर नंतर, आधी जसंच्या तसं उतरवा

नवखा माणूस फोटो उघडतो आणि पहिल्या ओळीपासून मराठी लिहायला लागतो. असं करू नका. वाचणं आणि भाषांतर करणं एकाच वेळी चालू असलं की जे वाचता आलं नाही ते डोकं परस्पर भरून काढतं, आणि भरलेलं कुठलं नि वाचलेलं कुठलं हे नंतर आपलं आपल्यालाही सांगता येत नाही. आधी बोर्ड इंग्रजीतच, संक्षेपांसकट, वहीत उतरवा. प्रत्येक ओळीला नंबर द्या. जिथं शंका असेल तिथं जेवढे पर्याय दिसतात तेवढे चौकोनी कंसात लिहा आणि पुढे चला.

आपल्या बोर्डाचा वरचा भाग असा उतरतो:

```
Salt aff. soils (sat. ext.)
          pH     EC    ESP
Saline   <8.5   >4    <15
Sodic    >8.5   <4    >15
Sal-sod  [<,>]8.5  >4  >15
```

आणि खालचा असा:

```
Na-clay: defloc. -> infilt. ↓, hard when dry
Recl: 1) dr[g,y] 1st
      2) gyp @ 50% GR
      3) leach w/ good water
ESPi 20, ESPf 10, CEC [50,56,30]
GR = (20-10) x CEC / 100 = 5 cmol(p+)/kg
5 x 1.93 ≈ 9.6 t/ha
1 t gyp = 0.19 t [S,5]
```

यात pH म्हणजे सामू, EC म्हणजे विद्युतवाहकता, तिच्यावरून क्षार किती ते कळतं. CEC म्हणजे मातीची धन आयन धरून ठेवायची क्षमता, ESP म्हणजे त्या क्षमतेतला सोडियमचा टक्का, आणि GR म्हणजे जिप्समची गरज. चार ठिकाणी शंका आहे. या चारही सोडवता येतात, पण प्रत्येकीची वाट वेगळी आहे.

अक्षराची शंका: सरांच्याच अक्षरात उत्तर शोधा

‘dr’च्या पुढचं अक्षर जी की वाय? जी असेल तर तो निचऱ्याचा संक्षेप आहे आणि अर्थ होतो ‘आधी निचऱ्याची सोय करा’. वाय असेल तर ‘आधी वाळवा’. दोन्ही इंग्रजीत सुरळीत वाचता येतं, म्हणूनच ही चूक पकडली जात नाही. एखाद्यानं ‘आधी रान वाळू द्या’ असं भाषांतर केलं तर वाचणाऱ्याला काही खटकणारही नाही.

अशा वेळी अंदाज बाजूला ठेवा. त्याच हस्ताक्षरात ज्या शब्दाबद्दल खात्री आहे असा शब्द शोधा. इथं नशीब चांगलं आहे, कारण खालच्याच ओळीत जिप्समचा संक्षेप आहे आणि त्यात जी आणि वाय दोन्ही शेजारी शेजारी आहेत. फोटो मोठा करून त्यांच्या शेपट्या पाहा. या सरांचा जी वरून बंद होतो आणि शेपटी डावीकडे वळते, तर वाय वरून उघडा राहतो आणि शेपटी सरळ खाली जाते. आता पहिल्या ओळीत परत या. अक्षर वरून बंद आहे. म्हणजे जी, म्हणजे निचरा.

याच रीतीनं शेवटच्या ओळीतला एस की पाच हा प्रश्नही सुटतो. ईएसपी या शब्दातला एस आणि ‘५० टक्के’मधला पाच, दोन्ही खात्रीचे नमुने बोर्डावर आहेत. सर पाच काढताना वरची आडवी रेघ वेगळी मारतात आणि ती जरा सुटी राहते. शेवटच्या ओळीत तशी सुटी रेघ नाही, म्हणून तो एस आहे, म्हणजे गंधक. रसायनाचा हिशोबही तेच सांगतो. जिप्समचा रेणुभार १७२ आणि त्यातलं गंधक ३२. ३२ ला १७२ नं भागलं की ०.१९ च्या जवळ येतं. एक टन जिप्समचं काम करायला सुमारे ०.१९ टन गंधक लागतं, असा त्या ओळीचा अर्थ झाला. चुनखडीयुक्त जमिनीत गंधक टाकलं की मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, ते आम्ल चुनखडीशी मिळून जागेवरच जिप्सम तयार करतं. मराठवाड्यातल्या बऱ्याच काळ्या जमिनींत चुनखडी असतेच, तेव्हा सरांनी ही ओळ का लिहिली हेही समजतं.

एका सरांचे दोन-तीन बोर्ड उतरवले की वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या अक्षरांचा एक छोटा तक्ता करून ठेवावा: १ आणि ७, ४ आणि ९, यू आणि व्ही. पुढच्या वेळी निम्मा वेळ वाचतो.

आकड्याची शंका: गणित उलटं सोडवा

सीईसीचा आकडा चकाकीत गेला आहे. ५० दिसतो, ५६ ही दिसतो, आणि जरा डोळे बारीक केले तर ३० सुद्धा. इथं अक्षर जुळवत बसायची गरज नाही, कारण पुढच्या ओळीत सरांनी उत्तर लिहिलं आहे. वीसातून दहा गेले, राहिले दहा. दहा गुणिले सीईसी भागिले शंभर बरोबर पाच. म्हणजे सीईसी ५०. ५६ असता तर उत्तर ५.६ आलं असतं, ३० असता तर ३.

पण उत्तरातला पाचही आपण फोटोतच वाचलेला आहे. म्हणून एक पायरी पुढे जाऊन तोही पडताळा. पाच गुणिले १.९३ म्हणजे ९.६५, आणि सरांनी ‘सुमारे ९.६’ लिहिलं आहे. जुळतं. आता १.९३ वरच शंका असेल, कारण घाईत लिहिलेला ९ कधी ४ सारखा दिसतो, तर तो आकडा कुठून आला ते पाहा. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर सुमारे २२.४ लाख किलो भरतो असं धरतात. दर किलो मातीमागे एक एककाइतका सोडियम हलवायला १० लाख किलो मातीला ०.८६ टन जिप्सम लागतं. ०.८६ गुणिले २.२४ बरोबर १.९३. सगळी साखळी बसली.

भारी काळ्या जमिनीची सीईसी ५० च्या आसपास असणं स्वाभाविक आहे, हलक्या मुरमाड जमिनीची तेवढी नसते. हा आधार चांगला आहे, पण दुय्यम. गणित जुळत नसताना केवळ ‘एवढी असू शकते’ म्हणून आकडा पक्का करू नये.

एककातला ‘p+’ पुष्कळांना ‘pt’ वाटतो आणि ते त्याचं ‘पॉइंट’ करून टाकतात. तो धनप्रभाराचा खुणेचा भाग आहे. भाषांतरात एकक जसंच्या तसं ठेवा. जुन्या पुस्तकांत याच राशीला ‘मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम’ म्हणतात आणि आकडा तोच राहतो, एवढी टीप दिली की मैत्रिणीचा वाचनालयातल्या पुस्तकाशी गोंधळ होणार नाही.

चिन्हाची शंका: इथं फार जपून

चौथी शंका सगळ्यात अवघड आहे. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत सामू ८.५ पेक्षा कमी की जास्त, हे फोटोत स्पष्ट नाही. कोणालाही वाटेल की जास्तच असणार. वरच्या ओळीत चोपण म्हणजे Sodic जमिनीचा सामू ८.५ च्या वर आहे, आणि या तिसऱ्या प्रकारातही सोडियम तेवढाच आहे, ईएसपी १५ च्या वरच. मग सामूही वरच असणार, असा तर्क सुचतो आणि हात आपोआप ‘पेक्षा जास्त’ लिहून मोकळा होतो.

प्रमाण पुस्तकात मात्र तिथं ‘पेक्षा कमी’ आहे. कारण असं, की या जमिनीत विद्राव्य क्षारही भरपूर असतात. ते असेपर्यंत मातीला चिकटलेला सोडियम पाण्यात सुटून सामू फार वर नेऊ शकत नाही. ते क्षार धुवून काढले आणि जिप्सम दिलंच नाही, तर सोडियम मोकळा होतो, सामू चढतो आणि जमीन पक्की चोपण होते. जिप्सम दोन नंबरला आणि धुणं तीन नंबरला असा क्रम खाली लिहिला आहे तो याचमुळे. तक्त्यातलं एक चिन्ह उलटं केलं की खालच्या क्रमाचं कारणच हरवतं.

म्हणजे तर्कानं चिन्ह भरायचं नाही. दुसरा फोटो पाहायचा, तो नसेल तर वर्गात हजर असलेल्या दोघांच्या वह्या पाहायच्या, तेही नसेल तर पुस्तक. पुस्तकावरून भरलं असेल तर टिपणात तसं लिहायचं: ‘फोटोत अस्पष्ट, पुस्तकावरून घेतलं.’ आणि उलट वेळ आली, म्हणजे बोर्डावर स्वच्छ ‘पेक्षा जास्त’ दिसतंय आणि पुस्तकात कमी आहे, तरी बोर्ड दुरुस्त करू नका. बोर्डावर जे आहे ते लिहा आणि शेजारी पुस्तकातलं लिहा. सरांची लिहिताना चूक झाली असेल किंवा त्यांनी मुद्दाम काही वेगळं सांगितलं असेल. तो निकाल लावणं भाषांतर करणाऱ्याचं काम नाही.

संक्षेप उलगडताना

बाण, उलटा त्रिबिंदू, वर-खाली जाणाऱ्या रेघा ही सगळ्या वर्गांची सामायिक भाषा आहे, ती लगेच अंगवळणी पडते. खाली जाणाऱ्या बाणाचं मात्र नेहमी ‘घटतो’ होत नाही. पाणी मुरण्याच्या पुढे तो असेल तर ‘मुरणं कमी होतं’, पण रासायनिक समीकरणात पदार्थाच्या नावापुढे असेल तर तो साका खाली बसतो. ‘ppt’ हा असाच बहुरूपी आहे. समीकरणाजवळ तो साका, पाण्याच्या खारेपणाच्या आकड्याजवळ हजारात किती भाग, आणि बोर्डाच्या कोपऱ्यात तारखेसोबत असेल तर बहुधा तुमचं सादरीकरण त्या दिवशी आहे.

‘w/’ म्हणजे ‘च्यासह’ आणि ‘w/o’ म्हणजे ‘च्याशिवाय’. आपल्या बोर्डावर तिरक्या रेघेजवळ आधीच्या तासातला एक फिकट गोल उरला आहे. रंगीत फोटोत तो निळा दिसतो आणि ओळ काळी आहे, म्हणून तो धरायचा नाही. धरला असता तर ‘चांगल्या पाण्याशिवाय धुवा’ असं काहीतरी झालं असतं. तेवढं विचित्र वाक्य निदान आपण होऊन खटकतं.

पहिल्या ओळीच्या कंसातला संक्षेप घाईत गाळला जातो. तो गाळू नका. ईसीचे हे आकडे मातीच्या संपृक्त अर्काचे आहेत. प्रयोगशाळेत एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊनही ईसी मोजतात, त्यात पाणी जास्त म्हणून आकडा खूपच कमी येतो. मैत्रिणीनं घरच्या माती परीक्षणाच्या कागदावरचा आकडा या चारशी थेट ताडून पाहिला तर खारवलेलं रानही तिला निर्धोक वाटेल.

आता मराठी

मराठी कशासाठी, हे आधी ठरवा. मैत्रिणीला पेपर इंग्रजीतच लिहायचा आहे. म्हणून संज्ञा इंग्रजीतली तशीच डावीकडे ठेवा आणि उजवीकडे मराठीत अर्थ द्या. नुसतं मराठी दिलं तर तिला समजेल, पण परीक्षेत लिहिता येणार नाही. बोर्डावरचा संक्षेप मात्र डाव्या रकान्यात पूर्ण शब्दात उलगडून लिहा, कारण उत्तरपत्रिकेत अर्धे शब्द चालत नाहीत.

मराठी संज्ञा घेताना या विषयात एक खड्डा आहे. तक्त्यातली पहिली जमीन ‘क्षारयुक्त’, दुसरी ‘चोपण’, तिसरी ‘क्षारयुक्त-चोपण’, आणि तिन्हींना मिळून ‘क्षारपड’. जुन्या इंग्रजी पुस्तकांत चोपण जमिनीला ‘अल्कली’ म्हणतात, आणि शाळेतल्या सवयीनं अल्कलीचं मराठी कोणी ‘क्षार’ करतं. तसं केलं की दुसरी जमीन पहिलीच्या नावावर जाते आणि उपायही बदलतो. क्षारयुक्त जमिनीला निचरा करून चांगल्या पाण्यानं धुतलं की बहुतेक काम होतं. चोपण जमिनीला आधी कॅल्शियम द्यावं लागतं, नुसतं धुऊन काही साधत नाही.

वाक्यं बोलल्यासारखी लिहा. बोर्डावर वाक्य नसतं, नुसते तुकडे असतात, आणि त्यांना जोडणारं सर बोललेले असतात. ‘Na-clay’ची ओळ शब्दाला शब्द ठेवून ‘सोडियम चिकणमाती: विखुरणे, मुरणे कमी, वाळल्यावर कठीण’ अशी उतरवली तर मैत्रीण पुन्हा तिथंच अडकेल. मी ती अशी लिहीन:

‘मातीच्या कणांना सोडियम जास्त चिकटला की कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात. सुटे कण मातीतली बारीक छिद्रं बुजवतात, त्यामुळे पाणी मुरत नाही, वर साचून राहतं. तेच रान वाळलं की दगडासारखं होतं.’

यातलं ‘बारीक छिद्रं बुजवतात’ बोर्डावर नाही. ते तासात सांगितलेलं आहे. बोर्डाबाहेरचं जे काही घालाल ते वेगळ्या रंगात लिहा किंवा त्याला बाजूला रेघ मारा. वर्गात बसलेल्या कोणाच्या आठवणीतून आलेली गोष्ट आणि बोर्डावर लिहिलेली गोष्ट यांचं वजन सारखं नसतं, आणि मैत्रिणीला दोन्ही वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

उपायांच्या तीन ओळी मात्र छोट्याच ठेवा, त्या क्रमासाठीच आहेत: ‘१) आधी निचऱ्याची सोय. २) जिप्समची जेवढी गरज निघाली त्याच्या ५० टक्के जिप्सम. ३) नंतर चांगल्या प्रतीच्या पाण्यानं क्षार धुवून काढणे.’ दोन नंबरच्या ओळीखाली गणिताचा शेवट जोडा. गरज हेक्टरी सुमारे ९.६ टन निघाली, त्याच्या निम्मे म्हणजे ४.८ टन. हा ४.८ बोर्डावर लिहिलेला नाही, आपण काढला आहे, तेव्हा त्यालाही बाजूची रेघ हवी. ‘क्षार धुणे’ म्हणजे रानात पाणी साठवून ते खाली मुरवणं, वरून वाहून जाऊ देणं नाही, एवढं एका ओळीत सांगा. निचरा एक नंबरला का आहे तेही त्यातच येतं, कारण खाली जायला वाट नसेल तर मुरवलेले क्षार पाण्याबरोबर पुन्हा वर येतात.

पाठवताना

टिपणासोबत मूळ फोटोही पाठवा आणि ओळींचे नंबर दोन्हीकडे तेच ठेवा, म्हणजे ‘सातवी ओळ कळंना’ एवढं म्हणून तिला विचारता येतं. टिपणाच्या वरतीच शंकांची यादी द्या, खाली तळटीपेत नको, कारण तळटीप कोणी वाचत नाही. आपल्या बोर्डाची यादी आता लहान झाली आहे. निचरा, गंधक आणि सीईसी ५० हे पक्के. शेवटच्या ओळीतला सामू पुस्तकावरून घेतलेला, सरांना विचारायचा.

सरांना विचारताना ‘सर, बोर्ड कळला नाही’ असं विचारू नका. फोटोतला तेवढाच तुकडा कापून दाखवा आणि विचारा: ‘सर, तिसऱ्या जमिनीचा सामू ८.५ पेक्षा कमी लिहिला होता ना?’ उत्तर आलं की आधी पाठवलेल्या टिपणात दुरुस्ती करून तेच टिपण नव्या तारखेसह पुन्हा पाठवा आणि ग्रुपवरचं जुनं काढून टाका, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री कोणीतरी जुनंच पुढे पाठवतं.